आरएसआय पन्नाशीत रेंगाळतो आणि स्टॉकॅस्टिक आरएसआय मात्र तळ-माथा करत राहतो, असे का?

सविता_मुलुंड

नमस्कार मंडळी. माझ्या निफ्टीच्या दैनिक आलेखाखाली आधी आरएसआय आणि त्याच्या खाली स्टॉकॅस्टिक आरएसआय असे दोन पट्टे लावलेले असतात. सेटिंगला मी हात लावलेला नाही, म्हणजे आरएसआय १४ दिवसांचा, स्टॉकॅस्टिकची खिडकीही १४ दिवसांची आणि त्यावर ३ आणि ३ दिवसांची सरासरी. बाजार महिनाभर एका टप्प्यात अडकला की वरचा आरएसआय पन्नाशीच्या आगेमागे निवांत पडून असतो, ना ७० गाठत ना ३०. खालची रेघ मात्र त्याच काळात तळापासून माथ्यापर्यंत आणि माथ्यापासून तळापर्यंत फेऱ्या मारत असते.

दोन्ही गोष्टी एकाच बंद भावांवरून निघतात. मग एकाला जे दिसतच नाही, ते दुसऱ्याला इतक्या वेळा कसे दिसते? एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘तो जास्त संवेदनशील असतो’ एवढेच सांगून विषय संपवला. संवेदनशील म्हणजे आत नेमके काय घडते, हे कोणी आकड्यांनिशी सांगू शकेल का?

ओंकार_डोंबिवली

सविताताई, याचे उत्तर अगदी सरळ आहे. आरएसआय भावाचा वेग मोजतो आणि स्टॉकॅस्टिक आरएसआय त्या वेगातला बदल मोजतो, म्हणजे शाळेत शिकलो ते त्वरण. गाडी थांबण्याआधी तिचा वेग कमी होऊ लागतो, त्यामुळे त्वरण बघणाऱ्याला वळण आधी कळते. म्हणूनच हा ऑसिलेटर भावाच्या आधी वळतो आणि सिग्नलही जास्त देतो. जास्त सिग्नल म्हणजे जास्त संधी. %K ने %D ला छेद दिला की त्या बाजूने उतरावे, इतके सोपे आहे.

विनायककाका_पार्ले

स्टॉकॅस्टिक फार नाचतो ही तक्रार जुनीच आहे. १४ दिवसांचा उच्चांक आणि नीचांक यांच्यामध्ये आजचा बंद भाव कुठे आहे, एवढेच तो सांगतो. फास्टऐवजी स्लो स्टॉकॅस्टिक लावावा, नाच आपोआप कमी होतो. आम्ही दलाल स्ट्रीटवर उभे राहून भाव ऐकत होतो, तेव्हा यातले काहीच नव्हते आणि तरीही बाजार चालत होता.

जुना_फोर्टवाला

विनायककाका, तुम्ही म्हणता तो जॉर्ज लेन यांचा स्टॉकॅस्टिक, आणि तो भावावर चालतो. सविताताईंच्या आलेखावर जे आहे त्यात भावाचा उच्चांक-नीचांक कुठेच येत नाही. तिथे उच्चांकही आरएसआयचा, नीचांकही आरएसआयचा आणि त्यांच्यामध्ये मोजला जातो तोही आजचा आरएसआयच.

```
StochRSI = 100 * (RSI - min(RSI, 14)) / (max(RSI, 14) - min(RSI, 14))
```

आरएसआय वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. स्टॉकॅस्टिक आरएसआय तुषार चांदे आणि स्टॅन्ली क्रोल यांनी १९९४ मध्ये आणला, आणि त्यांचे कारण सविताताईंच्या प्रश्नातच आहे: आरएसआय कित्येक दिवस २० आणि ८० च्या मधेच फिरत राहतो आणि टोकाला जाईपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेव्हा जास्त सिग्नल मिळणे हा या साधनाचा बिघाड नाही, ते त्यासाठीच बनवले आहे. ते जास्त सिग्नल कुठून येतात आणि त्यांच्या मोबदल्यात काय सोडावे लागते, एवढेच बघायचे.

सोयीसाठी मी १६ दिवसांचे आरएसआयचे आकडे घेतो. हे कोणत्याही शेअरचे खरे आकडे नाहीत, पण रेंगाळणाऱ्या बाजारात असेच दिसतात: ५६.२, ५७.०, ५५.४, ५४.१, ५४.८, ५३.६, ५२.९, ५३.५, ५४.४, ५३.२, ५२.६, ५३.८, ५५.१, ५६.४, ५७.३, ५६.१. त्याआधीचे सगळे आकडे ५३.५ ते ५६.८ च्या मधले होते असे समजू.

अकराव्या दिवशी आरएसआय ५२.६ आहे आणि खिडकीतला तोच सर्वांत कमी आकडा असल्यामुळे स्टॉकॅस्टिक आरएसआय शून्यावर येतो. खिडकीतला सर्वाधिक आकडा ५७.०, म्हणजे पूर्ण पट्टा फक्त ४.४ अंकांचा आहे. बाराव्या दिवशी आरएसआय १.२ अंकांनी वर आला की १.२ भागिले ४.४, म्हणजे २७. तेराव्या दिवशी ५७, चौदाव्या दिवशी ८६, आणि पंधराव्या दिवशी ५७.३ हा नवा उच्चांक झाला म्हणून थेट १००. सोळाव्या दिवशी आरएसआय १.२ ने उतरला आणि इकडे आकडा ७४ वर आला. चार दिवसांत तळ ते माथा आणि पाचव्या दिवशी माथ्यावरून खाली असा हा प्रवास झाला, आणि या सगळ्या काळात आरएसआयने साठीसुद्धा पाहिली नाही.

आता ४.४ अंक म्हणजे किती मोठी हालचाल, हेही पाहू. समजा वाइल्डरच्या पद्धतीने काढलेली सरासरी वाढ ५५.५ अंश आणि सरासरी घट ५० अंश आहे. त्यावरून आरएसआय ५२.६ येतो. दुसऱ्या दिवशी बाजार १०५ अंशांनी वर बंद झाला, म्हणजे नेहमीच्या एका दिवसाइतकाच हलला, तर नवी सरासरी वाढ सुमारे ५९ आणि सरासरी घट ४६.४ होते आणि आरएसआय ५६ वर जातो. एका सर्वसाधारण दिवसात आरएसआय साडेतीन अंकांच्या आसपास सरकतो. म्हणजे जो पट्टा ओलांडल्यावर तुमची खालची रेघ तळावरून माथ्यावर पोहोचते, तो पट्टा बाजार दीड दिवसात सहज ओलांडू शकतो. आरएसआयला मात्र ५० पासून ७० पर्यंत जायला एकाच दिशेचे कितीतरी दिवस लागतात.

वर्गात पहिला येणे आणि नव्वद टक्के मिळवणे यांत जो फरक आहे, तोच या दोन साधनांत आहे. प्रत्येक वर्गात कोणीतरी पहिला आणि कोणीतरी शेवटचा असतोच, मग सगळ्या वर्गाला पन्नास ते पंचावन्नच्या मधेच गुण मिळालेले का असेनात. आरएसआय ७० वर आहे की ५७ वर, ही माहिती भागाकार करताना पुसली जाते.

ओंकार_डोंबिवली

उदाहरण पटले, पण ते माझ्याच बाजूचे आहे असे मला वाटते. आरएसआय अजून पन्नाशीत असताना स्टॉकॅस्टिक आरएसआयने वळण दाखवले, म्हणजे तो आधीच वळला ना?

जुना_फोर्टवाला

ओंकारराव, वेगातल्या बदलाविषयी तुम्ही म्हणता ते निम्मे बरोबर आहे. आरएसआय हा एका अर्थी मोजून-मापून बसवलेला वेगच आहे आणि स्टॉकॅस्टिक आरएसआय त्या वेगाची जागा दाखवतो. पण ‘आधी वळतो’ हे म्हणणे गणितात टिकत नाही. बंद भाव कालच्यापेक्षा वर असेल तर वाइल्डरच्या सूत्रात सरासरी वाढ आणि सरासरी घट यांचे गुणोत्तर वाढलेच पाहिजे, मग वाढ कितीही छोटी असो. वाढ मंदावली म्हणून आरएसआय खाली येत नाही. तो खाली यायला कालच्यापेक्षा कमी बंद भावच लागतो. म्हणजे आरएसआय भाव वळेल त्याच दिवशी वळतो, आदल्या दिवशी नाही. स्टॉकॅस्टिक आरएसआय या आरएसआयवरूनच निघतो, तेव्हा भावाने न दिलेली बातमी तो कुठून आणणार?

तो टोकाला लवकर पोहोचतो हे खरे, पण लवकर वळतो हे खरे नाही. शिवाय तुम्ही ज्या छेदावर उतरता तो %K तर तीन दिवसांची सरासरी आहे. माझ्याच आकड्यांत पाहा: पंधराव्या दिवशी %K ८१ होता. सोळाव्या दिवशी भाव उतरला, आरएसआय उतरला, कच्चा आकडा १०० वरून ७४ वर आला, आणि %K मात्र ८६, १०० आणि ७४ यांची सरासरी म्हणून ८७ झाला. भाव वळलेला असताना तुमची रेघ अजून वरच चालली होती.

गणिती_मास्तर_दादर

फोर्टवाल्यांनी एक उदाहरण घेतले. पण एका उदाहरणाने ‘कितीतरी जास्त’ म्हणजे किती, ते ठरत नाही. मी बाजाराचा माणूस नाही, आयुष्यभर गणित शिकवले आहे, म्हणून ढोबळ मर्यादा काढून देतो. बाजार रोज नाणेफेकीसारखा, कोणतीही दिशा न धरता हलतो असे मानले आणि रोजचे बदल नेहमीच्या घंटाकृती वाटणीतले घेतले, तर १४ दिवसांच्या आरएसआयचे प्रमाण विचलन सुमारे १२ अंक येते. ७० ही पातळी ५० पासून २० अंकांवर, म्हणजे १.६६ विचलनांवर आहे, त्यामुळे आरएसआय त्याच्या वर सुमारे पाच टक्के दिवस असेल. खालच्या बाजूचे तेवढेच धरले तर शंभरातले दहाच दिवस दोन टोकांना जातात. आरएसआयचा आजचा आकडा कालच्याला चिकटून असल्यामुळे हे दहा दिवसही सुटे येत नाहीत, घोळक्याने येतात, आणि नव्याने टोकाला जाण्याचे प्रसंग त्याहूनही कमी राहतात.

आता दुसरा प्रश्न असा की आजचा आरएसआय गेल्या १४ आकड्यांत सर्वांत मोठा असण्याची शक्यता किती? आकड्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर ती चौदात एक, म्हणजे सात टक्के असती. आरएसआय निव्वळ भटकणारा असता, कालच्या आकड्यात काहीतरी मिळवून आजचा बनणारा, तर ती साडेपंधरा टक्के असती. खरा आरएसआय कालच्याला चिकटतो, पण पन्नासाकडे ओढलाही जातो, म्हणून तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो. दोन्ही टोके मिळून चौदा ते एकतीस टक्के दिवस कच्चा स्टॉकॅस्टिक आरएसआय अगदी शंभरावर किंवा अगदी शून्यावर असतो. ८० च्या वर पण १०० च्या खाली, असे दिवस यात धरलेलेच नाहीत.

हा सगळा हिशेब दिशाहीन बाजाराचा आहे, हे विसरू नये. इथे पकडण्यासारखी एकही चाल मुळात नाही, आणि तरीही रेघ इतक्या वेळा टोकाला जाते.

कांचन_गोरेगाव

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तो इथे बसतो की नाही ते सांगा. मी पाच मिनिटांच्या कॅन्डलवर काम करते. बाजार मोठा गॅप घेऊन वर उघडला की सकाळी सव्वादहा-साडेदहाच्या सुमारास स्टॉकॅस्टिक आरएसआय एकदम कोसळतो. त्या वेळी भाव फारसा हललेला नसतो आणि आरएसआयसुद्धा जागच्या जागी असतो. सुरुवातीला मला वाटले की डेटा तुटला असेल. हा विकण्याचा सिग्नल समजावा का?

जुना_फोर्टवाला

कांचनताई, तुमची शंका इथे अगदी नेमकी बसते, आणि तुम्ही वेळही बरोबर टिपली आहे. बाजार ९.१५ ला उघडतो आणि पाच मिनिटांच्या चौदा कॅन्डल १०.२५ ला पूर्ण होतात. तोपर्यंत खिडकीत कालच्या दिवसाचे आकडे शिल्लक असतात.

समजा काल बाजार बंद होताना आरएसआय ४५ होता, आज गॅपमुळे पहिल्या कॅन्डलला तो ७२ वर गेला आणि मग ६३ पर्यंत उतरून ६६ वर स्थिरावला. १०.२० ला बंद होणाऱ्या कॅन्डलच्या वेळी खिडकीत आजचे तेरा आणि कालचा शेवटचा एक आकडा आहे. म्हणून किमान ४५, कमाल ७२, आणि ६६ ची जागा २१ भागिले २७, म्हणजे ७८. पुढची कॅन्डल १०.२५ ला बंद होते, आरएसआय अजूनही ६६ च आहे, पण कालचा ४५ खिडकीतून बाहेर गेला. आता किमान ६३ आहे, आणि ६६ ची जागा ३ भागिले ९, म्हणजे ३३. पाच मिनिटांत ७८ चे ३३ झाले, आणि बाजारात काहीही घडले नाही. त्याच्या पुढच्या कॅन्डलला ७२ सुद्धा बाहेर जातो आणि रेघ पुन्हा उसळू शकते.

आरएसआय फक्त नव्या भावामुळे हलतो. हा दुसरा ऑसिलेटर नव्या आकड्यामुळे हलतो आणि खिडकीतून जुना आकडा पडला म्हणूनही हलतो. दैनिक आलेखावरही हेच होते, फक्त तिथे ते इतके नजरेत भरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: स्टॉकॅस्टिक आरएसआय मोठा हलला आणि आरएसआय एक अंकसुद्धा हलला नाही, तर चौदा कॅन्डल मागे जाऊन तिथे आरएसआयचे टोक होते का ते पाहावे. असेल तर तो सिग्नल बाजाराने दिलेला नाही.

विनायककाका_पार्ले

मी भावावरचा स्टॉकॅस्टिक समजून बसलो होतो, ते आता कळले. पण मग एक सांगा. माझ्या मोबाइलवर त्याच शेअरचा स्टॉकॅस्टिक आरएसआय ६२ दिसतो आणि पुतण्याच्या लॅपटॉपवर ७१. दोघांच्याही सेटिंगमध्ये १४, १४, ३, ३ आहे. यातला कोण खोटे बोलतो?

जुना_फोर्टवाला

काका, बहुधा कोणीच नाही. आधी दोन्हीकडचा नुसता आरएसआय ताडून पाहा. तिथे अर्ध्या अंकाच्या आतबाहेरचा फरक निघेल. वाइल्डरची सरासरी जुने आकडे पूर्ण टाकून देत नाही. मागचे तीसच दिवस घेऊन हिशेब सुरू केला, तर सुरुवातीच्या अंदाजाचे वजन अजून दहा-अकरा टक्के उरलेले असते. शंभर दिवस घेतले तर ते नावालाही उरत नाही. म्हणून एकाने कमी इतिहास घेतला की आरएसआयमध्ये किंचित फरक पडतो. आरएसआय बघणाऱ्याला तो जाणवतही नाही. पण पट्टा ४.४ अंकांचा असेल तर भागाकारात प्रत्येक फरक सुमारे तेवीस पटींनी मोठा होतो आणि अर्ध्या अंकाचे अकरा होतात. रोजच्या भावातली किरकोळ थरथरही अशीच तेवीस पटींनी मोठी होऊन सविताताईंच्या पडद्यावर येते.

सविता_मुलुंड

आता चित्र स्पष्ट झाले. संवेदनशीलता म्हणजे खरे तर हा भागाकारच आहे, आणि बाजार जितका शांत तितका छेद लहान, म्हणून मोठेपणा जास्त. म्हणजे ज्या महिन्यात काही करण्यासारखे सर्वांत कमी असते, त्याच महिन्यात तो अगदी छोट्या चालींवर ओरडतो. डिलिव्हरीला दोन्ही बाजूंना ०.१ टक्का एसटीटी आणि त्यावर इतर खर्च धरला, तर इतक्या छोट्या चालीत काय उरणार, हा प्रश्नच आहे. मग खिडकी लांब केली तर? १४ ऐवजी ५६ ठेवली तर सिग्नल चौपट कमी होतील का?

गणिती_मास्तर_दादर

चौपट नाही. निव्वळ भटकणाऱ्या आकड्यासाठी सर्वांत मोठे असण्याची शक्यता खिडकीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. खिडकी चौपट केली तर साडेपंधराचे साडेसात होते, म्हणजे साधारण निम्मे. आरएसआय पन्नासाकडे ओढला जात असल्यामुळे प्रत्यक्षात घट याहून थोडी जास्त होईल, पण किती ते आकडे चालवूनच कळेल. लांब खिडकीत पट्टा रुंद होतो आणि भागाकारातला मोठेपणाही उतरतो, हा वेगळा फायदा.

ओंकार_डोंबिवली

‘आधी वळतो’ हे मी मागे घेतो. पण तेजीच्या बाजारात हे साधन मला उपयोगी पडते, हे मात्र मी सोडणार नाही. आरएसआय ७८ वरून ६४ वर येतो, तेव्हा तो ३० च्या जवळपासही नसतो आणि आरएसआयवाल्याला कधीच खरेदी मिळत नाही. स्टॉकॅस्टिक आरएसआय तिथे शून्य दाखवतो आणि पुन्हा २० च्या वर आला की मी घेतो. चालू तेजीतली उसंत दुसरे कोणते साधन इतक्या स्वच्छपणे दाखवते?

जुना_फोर्टवाला

तिथे मी तुमच्याशी भांडणार नाही, कारण तेजी आहे हे तुम्ही आधीच दुसऱ्या कशावरून तरी ठरवलेले असते, आणि या साधनाला फक्त वेळ विचारता. पुसली गेलेली पातळी तुम्ही बाहेरून परत आणता. फक्त त्या शून्याला ‘ओव्हरसोल्ड’ म्हणू नका. ६४ चा आरएसआय कोणत्याही अर्थाने विकून थकलेला बाजार नाही, आणि तेजी मोडताना पहिले शून्य हुबेहूब असेच दिसते. तो फरक सांगणारे या सूत्रात काहीही नाही.

माझ्यापुरते म्हणाल तर मी दोन्ही पट्टे ठेवतो आणि खिडकीतली कमाल-किमान यांतला फरक दहा अंकांपेक्षा कमी असेल तर खालच्या रेघेकडे बघत नाही. दहाच का, याला एका सर्वसाधारण दिवसाची चाल साडेतीन अंक यापलीकडे आधार नाही. तीन दिवसांची तरी चाल हवी, एवढाच विचार.

गणिती_मास्तर_दादर

दहा अंकांची अट लावली तर तुम्ही पुन्हा एक ठरावीक पातळी आणलीत, आणि ठरावीक पातळी नको म्हणूनच तर हे साधन निघाले होते. मग आरएसआयचेच ७० आणि ३० जवळ आणून ६० आणि ४० का ठेवू नयेत? त्याच नाणेफेकीच्या हिशेबात आरएसआय त्यांच्या बाहेर शंभरातले चाळीसेक दिवस असेल.

जुना_फोर्टवाला

मास्तर, एका अंगाने तुमचे बरोबर आहे, पण तेजीत आरएसआय कित्येक आठवडे साठीच्या वरच राहतो आणि तिथे ६० ची रेघ एकदाच बोलून गप्प बसते. ओंकाररावांना जी उसंत हवी आहे ती त्यात सापडणार नाही. सविताताईंच्या रेंगाळणाऱ्या बाजारात मात्र तुमचा उपाय माझ्या अटीपेक्षा वाईट ठरेल असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

कांचन_गोरेगाव

आज १०.२५ ला पुन्हा तेच झाले. चौदा कॅन्डल मागे पाहिले तर तिथे कालचीच शेवटची कॅन्डल होती, आणि तिचा आरएसआय खिडकीतला सर्वांत कमी होता. मी सौदा केला नाही. मात्र आता असे वाटते की पाच मिनिटांच्या आलेखावर सकाळचा पहिला सव्वा तास ही रेघ झाकूनच ठेवावी. असे कोणी करते का?

ओंकार_डोंबिवली

मी करत नाही, पण गॅपचा दिवस असेल तर साडेदहापर्यंत थांबतो. गॅप नसेल तर कालचे आकडे खिडकीत राहिले म्हणून काही बिघडत नाही, कारण पट्टा फार बदलतच नाही.